नमस्कारापुढचं टिंब

प्रश्न: महाद्वार रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे, फॉल-बीडिंगही करून देतो. गिऱ्हाइकांना मेसेज आधी बाबा करायचे, दिवाळीपासून मी करते. परवा एका जुन्या काकूंना ‘नमस्कार. आपली साडी तयार आहे. कृपया घेऊन जावे.’ असं पाठवलं, तर त्यांनी ‘काही चुकलं का गं आमचं?’ असं विचारलं. मी तर फक्त व्याकरण पाळलं होतं. टिंब, इमोजी, कॅपिटल अक्षरं यांनी खरंच एवढा फरक पडतो का? मग लिहायचं कसं?

उत्तर:

ताई, फरक पडतो. पण तुमच्या या मेसेजात टिंब हा तिसऱ्या नंबरचा गुन्हेगार आहे. पहिला म्हणजे ‘काकू’ हा शब्द गेला, दुसरा म्हणजे ‘तुमची’च्या जागी ‘आपली’ आली. टिंबानं फक्त त्या कोरडेपणावर शिक्का मारला.

मी बावीस वर्षं कोल्हापुरात लोकांसाठी मजकूर लिहितो. सुरुवात लग्नपत्रिकांपासून झाली, गेली दहा-एक वर्षं दुकानांचे, दवाखान्यांचे, पतसंस्थांचे मेसेज लिहून आणि तपासून देतो. ‘एवढं रागानं का लिहिलंय’ ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते, आणि लिहिणारा बहुतेक वेळा रागावलेला नसतोच.

आधी टिंबाचं बघू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. कागदावर पूर्णविराम लागतो, कारण त्याच्याशिवाय एक वाक्य कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज एका चौकटीत जातो. चौकट संपली की वाक्य संपलंच. म्हणजे शेवटच्या टिंबाला तिथं काही काम उरलेलं नसतं. आणि ज्याला काम नाही अशी गोष्ट कुणी मुद्दाम ठेवली, की वाचणारा तिच्यात अर्थ शोधतो. बोलताना आपण ‘बरं’ असं आवाज खाली टाकून, तोंड मिटून म्हणतो ना, विषय संपवल्यासारखं, तसं ते ‘बरं.’ कानात वाजतं.

अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात यावर प्रयोग झाला होता, २०१५ साली त्याची बरीच चर्चा झाली. १२६ विद्यार्थ्यांना छोटी छोटी संभाषणं वाचायला दिली. कुणीतरी आमंत्रण देतं आणि समोरचा एका शब्दात होकार देतो, अशी. तोच होकार टिंबासकट आला की मुलांना तो कमी मनापासूनचा वाटला. पण तीच संभाषणं हातानं लिहिलेल्या चिठ्ठीच्या रूपात दाखवली, तेव्हा टिंबानं काही फरक पडला नाही. प्रयोग इंग्रजीत होता आणि वाचणारी कॉलेजची मुलं होती, त्यामुळं तो तुमच्या काकूंना जसाच्या तसा लावू नका. मात्र चिठ्ठीचा मुद्दा धरून ठेवा. टिंब मुळात थंड नाही. ते कुठं बसलंय त्यावर ठरतं.

म्हणून लांब मेसेजात, दोन-तीन वाक्यांच्या मधलं टिंब बिनधास्त द्या. ते वाचणाऱ्याच्या सोयीचं आहे. जपायचं ते एका शब्दाच्या मागचं आणि अगदी शेवटचं टिंब. तुमच्या मेसेजात ‘नमस्कार.’ हा एकटा शब्द टिंब लावून उभा आहे. दारात आलेल्या माणसाला नमस्कार म्हणून तिथंच थांबलात, ‘या’ म्हटलंच नाही, असं ते दिसतं.

आता काकूंकडे येऊ. साठीच्या पुढच्या बायकांना टिंबाचा राग येत नाही, शाळेत त्यांनी ते शिकलेलं असतं. मग काकूंना काय लागलं? बदल लागला. बाबांचे जुने मेसेज वर सरकवून बघा. मी पैज लावतो, ते साधारण असे असतील: ‘नमस्कार काकू साडी झाली आहे... सवडीने या’. टिंबांची गर्दी, स्वल्पविराम नाही, व्याकरण आपलं कसंबसं. पण त्यात काकू होत्या. कित्येक वर्षं ज्या क्रमांकावरून ‘काकू’ यायचं, तिथून एक दिवस ‘आपली साडी’ आली. माणूस मेसेज एकटा वाचत नाही, आधीच्या मेसेजाशेजारी ठेवून वाचतो.

हे तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी नुसती टिंबं काढा:

‘नमस्कार
आपली साडी तयार आहे
कृपया घेऊन जावे’

अजून कोरडंच आहे ना? बँकेबाहेर लावलेल्या पाटीसारखं. आता टिंबं परत ठेवा आणि फक्त शब्द बदला:

‘नमस्कार काकू. तुमची साडी झाली आहे. सवडीनं या.’

टिंबं तीनच्या तीन आहेत, तरी माणूस बोलतंय हे कळतं. ‘आपली’ हा शब्द आपल्याकडं भाषणात आणि नोटिशीत राहतो, दुकानात समोर बसलेल्या काकूंना तुम्ही ‘आपली साडी’ म्हणत नाही. ‘तयार आहे’ बरोबर आहे, पण शिंप्याच्या तोंडी ‘झाली’ असतं. ‘जावे’ हा तर परिपत्रकातला शब्द. हे सगळं ताळ्यावर आल्यावर मग चिन्हांना हात लावा:

‘नमस्कार काकू, तुमची साडी झाली आहे. सवडीनं या, घाई नाही’

पहिलं टिंब जाऊन स्वल्पविराम आला, मधलं राहिलं, शेवटचं गेलं, आणि ‘घाई नाही’ जोडलं. एवढंच.

त्या स्वल्पविरामाची जागाही बघून ठेवा. ‘नमस्कार, काकू’ आणि ‘नमस्कार काकू,’ यांत फरक आहे. पहिल्यात नमस्कार आणि काकू यांच्यामध्ये श्वास घेतला जातो, म्हणजे आधी नमस्कार झाला आणि मग नाव आठवलं. बोलताना आपण ते सलग म्हणतो. लिहितानाही सलग ठेवा.

आपल्या भाषेत ऊब चिन्हांत फारशी नसतेच, ती शब्दांत भरून ठेवायची सोय आधीपासून आहे. मोडी लिपीतली जुनी पत्रं बघितलीत तर त्यांत पूर्णविराम नाही, दोन शब्दांत जागासुद्धा सोडलेली नसते. आज वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणावर मराठीत रुळली, मेजर कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. त्याआधी माणसं रुक्ष लिहीत होती का? नाही. तीर्थरूप, चिरंजीव, शिरसाष्टांग नमस्कार, अनेक उत्तम आशीर्वाद, हे सगळं मायन्यातच सांगून टाकलेलं असायचं. कोण कुणाला लिहितंय, वडीलधारं कोण, माया किती, हे पहिल्या ओळीतच कळायचं. तुमच्या मेसेजातलं ‘काकू’ म्हणजे तोच मायना, एका शब्दात आलेला.

दुसरी सोय म्हणजे शब्द दोनदा म्हणणं. ‘हो’ आणि ‘हो हो’, ‘बरं’ आणि ‘बरं बरं’, ‘या’ आणि ‘या या’. काकूंनी लिहिलं ‘संध्याकाळी येते’, तर ‘या.’ लिहिलं की परवानगी दिल्यासारखं होतं, ‘या’ लिहिलं की ठीक, ‘या या’ लिहिलं की खुर्ची पुढं सरकवल्यासारखं. आणि ‘या की’ लिहिलं तर ते कोल्हापूरचंच. हा ‘की’ आणि ‘ना’, ‘हं’, ‘बरं का’ ही इवलीशी अक्षरं आवाजाचं काम करतात, आणि त्यांच्यामागं टिंब असलं तरी ती थंड पडत नाहीत. ‘या की.’ वाचून बघा. टिंब हरतं.

आवाज लांबवायचा तर अवग्रहाचं चिन्हही आहे, ‘होऽऽ’ मधलं. मराठी कीबोर्डावर ते सापडतं. पण ते घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी ठेवा. गिऱ्हाइकाला ‘नमस्काऽऽर’ लिहिलं की स्टेजवरून हाक मारल्यासारखं होतं.

तसंच उद्गारचिन्हाचं. शाळेत शिकवतात ते इथं बरोबर आहे, उद्गारचिन्ह ‘अरे वा!’, ‘शाब्बास!’ अशा मनातून निघालेल्या शब्दामागं बसतं. काकूंनी मुलीचं लग्न ठरल्याचं कळवलं तर ‘अरे वा काकू!’ इथं ते हवंच, नसलं तर उलट ओढूनताणून म्हटल्यासारखं वाटेल. ‘नमस्कार!’ एखाद्या वेळी चालतं, सूत्रसंचालकाच्या नमस्कारासारखं जरा मोठ्यानं. ‘नमस्कार!!!’ म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. तो सगळ्या गावासाठी असतो, एका काकूंसाठी नसतो.

बाबांच्या तीन टिंबांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण घरात यावरून वाद होतो हे मी पाहिलं आहे. वयस्क माणसं ‘साडी झाली... या’ असं लिहितात तेव्हा ती टिंबं श्वासाची असतात, स्वल्पविरामाच्या जागी टाकलेली. विशी-पंचविशीची मुलगी तेच वाचते आणि तिला वाटतं की काहीतरी बोलायचं राहिलंय, मनात ठेवलंय. तुमच्या तरुण गिऱ्हाइकांना ‘ब्लाउज झाला...’ लिहू नका, ती विचारतील, ‘पण काय?’ काकूंना लिहिलं तर काही बिघडत नाही.

आता इमोजी. तुम्ही कदाचित म्हणाल, शब्दांचा एवढा विचार कशाला, शेवटी 🙏 टाकलं की झालं. मराठीत या चिन्हाची एक अडचण आहे. युनिकोडमध्ये ते २०१० साली आलं, नाव फक्त ‘हात जोडलेला माणूस’ अशा अर्थाचं. का जोडलेत ते त्यात नाही. आपण त्यानं नमस्कार करतो, आभार मानतो, विनंती करतो, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खालीही तेच टाकतो. एखाद्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी कुणी गेल्याची बातमी येते आणि खाली चाळीस-पन्नास हात जोडलेले दिसतात. त्यानंतर दुसऱ्याच मिनिटाला तुमच्या दुकानाचं नुसतं 🙏 काकूंच्या फोनवर आलं, तर पहिल्या क्षणी त्यांच्या मनात काय येईल?

शिवाय ‘हात जोडले बाबा तुला’ असंही आपण म्हणतो. कोपरापासून हात जोडतो तेव्हा तो नमस्कार नसतो, ‘आता पुरे कर’ असं असतं. काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं, ‘पिको नीट केलंय ना?’ आणि तुम्ही नुसतं 🙏 पाठवलं, तर ते ‘आभारी आहे’ आहे की ‘पुरे’ आहे हे काकूंनी कसं ओळखायचं? म्हणून माझा नियम असा की 🙏 कधीच एकटं पाठवायचं नाही. आधी शब्द, मग चिन्ह: ‘हो काकू, मी स्वतः बघितलंय 🙏’. शब्द अर्थ ठरवतो, चिन्ह त्याला हात लावतं. आणि एकच पुरे. दृष्टिहीन माणसाच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय असते, ती इमोजीची नावंही मोठ्यानं वाचते. चार-पाच हात ओळीनं टाकले की शब्द बाजूला राहतात आणि नुसत्या हातांची यादी ऐकावी लागते.

हसऱ्या चेहऱ्यांपैकी 😊 हा गालांवर लाली असलेला घ्या. 🙂 हा त्याच्याहून साधा दिसतो म्हणून मोठी माणसं वापरतात, पण तरुण मुलांना तो ओठ आवळून हसल्यासारखा वाटतो. चेहरा टाकायचा तर तो शेवटच्या टिंबाच्या जागी बसवा, टिंबाच्या पुढं नको. ‘सवडीनं या 😊’ हे एका दमातलं आहे, ‘सवडीनं या. 😊’ मध्ये आधी दार लावलं आणि मग खिडकीतून हसलात. आणि 😂 हे चिन्ह काकूंच्या वयाची बरीच माणसं रडण्याचं समजून पाठवतात. दुःखाच्या बातमीखाली ते दिसलं तर रागवू नका, डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी ते निवडलेलं असतं.

जिथं इमोजी अजिबात नको अशी एक जागा आहे, ती म्हणजे वाईट बातमी. साडी वेळेत होत नाहीये आणि काकूंना त्याच साडीत हळदीला जायचं आहे. ‘साडी आज होणार नाही 😊’ म्हणजे त्यांच्या अडचणीवर हसणं. इथं टिंब तुमच्या बाजूनं उभं राहतं: ‘काकू, साडी आज होत नाही, चूक आमची आहे. बुधवारी सकाळी अकराला मी घरी आणून देते.’ हे टिंबासकट वाचा. ठाम वाटतं, दिलेल्या शब्दासारखं. हेच बिनटिंबाचं, हसऱ्या चेहऱ्याचं लिहिलं असतं तर बुधवारवर विश्वास बसला नसता.

कॅपिटल अक्षरांचा प्रश्न देवनागरीत येतच नाही. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाही, म्हणून मराठीत लिहिलंत तर ती काळजी मिटली. प्रश्न येतो तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना. ‘Namaskar kaku’ आणि ‘NAMASKAR KAKU’ यांत तरुण माणसाला दुसरं ओरडल्यासारखं ऐकू येतं. इंग्रजीत संगणकावर लिहिणाऱ्यांमध्ये हा संकेत जुना आहे. पण आपल्याकडं बँकेचा, रेशनचा, कॉलेजचा प्रत्येक फॉर्म कॅपिटलमध्ये भरायला लावलेला एक मोठा वर्ग आहे. त्यांच्या लेखी कॅपिटल म्हणजे स्वच्छ, वाचता येईल असं अक्षर. एखादे काका ‘SADI ZALI KA’ असं विचारतात तेव्हा ते चिडलेले नसतात, चष्मा शोधत असतात. त्यांना उत्तर देताना तुम्हीही आवाज चढवू नका, ‘झाली काका, या की’ एवढं देवनागरीत लिहा.

काही जण मधूनच एखादं अक्षर मोठं करतात, ‘sakALI’ असं. ते ओरडणं नाही, ळ आणि दीर्घ स्वर दाखवायची संगणकावरची जुनी पद्धत आहे. तसा मेसेज आला तर समजा, लिहिणारा माणूस शुद्धलेखनाबद्दल हळवा आहे.

देवनागरीत कॅपिटलची जागा घेतली आहे ती ठळक अक्षरांनी. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली टाकली, *असं*, की तो जाड होतो. वेळ, तारीख, रक्कम यांना ते उपयोगी आहे, कारण काकूंना नेमकं तेच शोधायचं असतं. ‘*बुधवारी ११ वाजता*’ चांगलं. ‘*नमस्कार*’ मात्र जाड करू नका, तो सोसायटीच्या फळ्यावरचा नमस्कार होतो.

पाठवायच्या आधी मी एक गोष्ट नेहमी करतो, तुम्हीही करा. मेसेज चिडलेल्या आवाजात मोठ्यानं वाचायचा. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात असतो, म्हणून तो गोडच वाटतो, पण वाचणाऱ्याकडं तो आवाज नसतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे तपासलं होतं. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपलं वाक्य मनापासूनचं आहे की उपरोधाचं, हे समोरच्याला शंभरात ७८ वेळा कळेल. कळलं ते ५६ वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं त्याच्यापेक्षा थोडंसंच बरं. ‘नमस्कार. आपली साडी तयार आहे. कृपया घेऊन जावे.’ चिडून वाचा, अगदी सहज वाचता येतं. ‘नमस्कार काकू, तुमची साडी झाली आहे. सवडीनं या, घाई नाही’ चिडून वाचायचा प्रयत्न करा, ‘घाई नाही’पाशी आवाज अडकतो. जिथं अडकतो तिथं मेसेज सुरक्षित आहे. अजिबात अडकला नाही तर चिन्हं बदलू नका, एखादा शब्द घाला.

पाठवल्यानंतर कळायची खूण म्हणजे आलेलं उत्तर. ‘येते गं’, ‘बरं बरं’, ‘उद्या जमेल का?’ असं आलं तर मेसेज पोचला. ‘बरं.’ किंवा ‘ठीक आहे.’ असं आलं, आणि त्या काकू एरवी तसं लिहीत नसतील, तर तुमचाच सूर त्यांनी परत केला आहे. मात्र ज्या काकू कायमच प्रत्येक मेसेजामागं टिंब देतात त्यांच्या टिंबात काही वाचू नका. त्यांची ती सवय आहे, आणि सवयीच्या चिन्हाला अर्थ नसतो.

राहता राहिल्या या काकू, ज्यांनी ‘काही चुकलं का गं आमचं?’ विचारलं. त्यांना आता लिहून उत्तर देऊ नका. टिंब कसं चुकून पडलं याचं स्पष्टीकरण नको, हसरे चेहरेही नकोत. फोन उचला आणि ‘काकू, मी बोलतेय, मेसेज आता मी करते, बाबा नाही’ एवढं सांगा, साडीचा रंग कसा खुललाय ते सांगा. त्यांना अजून माहीतच नाही की त्या क्रमांकावर आता तुम्ही आहात. एकदा तुमचा आवाज त्यांच्या कानात बसला की पुढचा मेसेज त्या त्याच आवाजात वाचतील, मग त्यात एखादं टिंब राहिलं तरी चालेल.